जास्त दराचा प्रकल्प की जास्त मूल्याचा? असमान रोख प्रवाहांच्या दोन प्रकल्पांमधली निवड

## पार्श्वभूमी

धातूचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी. एक जुनी उत्पादन लाइन दुरुस्तीला येऊन ठेपली होती आणि तिच्या जागेसाठी दोन प्रस्ताव समोर होते. जागा एकच असल्यामुळे दोन्ही करणे शक्य नव्हते. कंपनीची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. सर्व रकमा लाखांत आहेत.

प्रस्ताव अ होता जुनी लाइनच सुधारून वापरण्याचा. नवे नियंत्रण पॅनेल, नव्या मोटारी, बदललेले साचे, असा एकूण खर्च १२०. या कामाचा फायदा लगेच दिसतो, कारण वाया जाणारा माल आणि विजेचा खर्च पहिल्या महिन्यापासून उतरतो. पण लाइनचा सांगाडा जुनाच राहतो. वर्षे जातील तशी देखभाल वाढते, त्या लाइनवर होणाऱ्या मालाची मागणीही हळूहळू कमी होणार होती, आणि म्हणून फायदा आटत जातो.

प्रस्ताव ब होता नवीन लाइन बसवण्याचा. यंत्र १५०, उभारणी आणि चाचणी १२, आणि वाढीव कच्चा माल व उधारीत अडकणारे खेळते भांडवल १८, मिळून १८०. पहिले वर्ष चाचण्या आणि ग्राहकाची मंजुरी यातच जाणार. खरी कमाई पाचव्या-सहाव्या वर्षी. शिवाय चौथ्या वर्षी एक मोठी दुरुस्ती ठरलेली.

दोन्ही प्रस्तावांचा काळ सहा वर्षांचा धरला होता आणि दोघांची तुलना ‘काहीच केले नाही तर’ या स्थितीशी केली होती. कंपनीच्या भांडवलाच्या किमतीचा दर करानंतर १२ टक्के होता. याशिवाय घरातला एक जुना नियम होता: तीन वर्षांत पैसे परत आले नाहीत तर प्रस्ताव पुढे जात नाही.

## पहिल्या तक्त्यातला गोंधळ

संचालकांपुढे आलेल्या पहिल्या तक्त्यात परतफेडीचा कालावधी, म्हणजे पेबॅक, सरासरी काढून दिला होता. ब ची सहा वर्षांची एकूण आवक ३४८, म्हणजे वर्षाला ५८, म्हणून १८० भागिले ५८ बरोबर ३.१ वर्षे. अ ची एकूण आवक १९८, वर्षाला ३३, म्हणून ३.६ वर्षे. या हिशोबाने ब चे पैसे आधी परत येणार होते आणि तीन वर्षांच्या नियमाच्याही तो अगदी जवळ होता.

दरवर्षी सारखीच रक्कम येत असेल तरच हा भागाकार चालतो. इथे अ ची रक्कम घसरत जाते आणि ब ची वाढत जाते, त्यामुळे सरासरीने निकाल पार उलटला. पैसे वर्षागणिक मिळवत गेले तर चित्र असे दिसते: अ मध्ये दोन वर्षांत ११० परत येतात, उरलेले १० तिसऱ्या वर्षाच्या ३६ मधून निघतात, म्हणून २.२८ वर्षे. ब मध्ये चार वर्षांअखेर १६० परत येतात, उरलेले २० पाचव्या वर्षाच्या ८४ मधून, म्हणून ४.२४ वर्षे. दोघांमध्ये जवळजवळ दोन वर्षांचे अंतर आहे आणि तेही विरुद्ध दिशेने.

दुसरी चूक लपलेली होती. निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, काढताना एक्सेलमध्ये सुरुवातीचा खर्चही त्याच रांगेत घेतला होता:

```
=NPV(12%,B2:B8)
```

या सूत्रात रांगेतली पहिली रक्कम पहिल्या वर्षाच्या अखेरीची समजली जाते. त्यामुळे आज होणारा खर्च एक वर्ष पुढे ढकलला जातो आणि त्यामागची प्रत्येक आवकही एकेक वर्ष सरकते. परिणाम असा की सगळा प्रकल्प वर्षभराने सुरू झाल्यासारखा मोजला जातो आणि मूल्य १.१२ ने भागून येते. ब चे खरे मूल्य ३६.३६ असताना तक्त्यात ३२.४६ दिसत होते, अ चे २९.७९ ऐवजी २६.६०. बरोबर सूत्रात शून्य वर्षाची रक्कम बाहेर राहते:

```
=NPV(12%,B3:B8)+B2
```

ही चूक नेहमीच्या पडताळ्यांतून निसटते, हे ध्यानात ठेवायला हवे. दर शून्य ठेवून बेरीज जुळते का पाहिले, तर दोन्ही सूत्रे सारखेच उत्तर देतात. अंतर्गत परतावा दर टाकून मूल्य शून्य येते का पाहिले, तरीही दोन्हीकडे शून्यच येते. ती पकडायची असेल तर शेजारी सवलत गुणकांचा एक स्तंभ घालावा (०.८९२९, ०.७९७२, ०.७११८, ०.६३५५, ०.५६७४, ०.५०६६) आणि एकदा गुणाकार करून बेरीज तपासावी. या प्रकरणात चूक सापडली ती याच स्तंभामुळे.

## रोख प्रवाह पुन्हा उभे केले

सूत्र दुरुस्त करण्याआधी प्रवाहच तपासून घ्यायचे ठरले. सगळे आकडे इथे मांडण्याची गरज नाही, पण ब चे तिसरे वर्ष सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण वाद तिथेच झाला.

त्या वर्षी विक्री २०५, आणि कच्चा माल, मजुरी, वीज, देखभाल मिळून खर्च १३४. उरले ७१. यंत्र आणि उभारणीचे १६२ सहा वर्षांत समान वाटले तर घसारा २७. करासाठीचा नफा ७१ वजा २७, म्हणजे ४४. करदर २५ टक्के धरला होता, म्हणून कर ११. हातात राहणारी रोख ७१ वजा ११, म्हणजे ६०. घसारा रोख बाहेर जात नाही. त्याचा उपयोग फक्त कर कमी होण्यापुरता, आणि तो फायदा या ११ मध्ये आधीच धरलेला आहे.

लेखा विभागाचा आक्षेप असा की कर्जावरचे व्याज यात कुठेच दिसत नाही. त्यांनी करानंतरचे ९ दरवर्षी वजा करून पाहिले, तर ब चे मूल्य उणे ०.६४ वर आले. म्हणजे एवढ्या एका ओळीवर प्रकल्प रद्द झाला असता. पण १२ टक्क्यांचा दर हीच भांडवलाची किंमत आहे आणि तिच्यात कर्जाचे व्याजही येते. प्रवाहातून व्याज वजा करून पुन्हा १२ टक्क्यांनी सवलत दिली, तर तोच खर्च दोनदा लागतो. आक्षेप चुकीचा होता, पण तो उघडपणे मांडला गेला हे बरे झाले. तो तसाच तक्त्यात शिरला असता तर कोणाच्या लक्षातही आला नसता.

आणखी दोन गोष्टी तपासल्या. ब च्या पाहणीसाठी आधीच खर्च झालेले पैसे हिशोबाबाहेरच ठेवले, कारण निर्णय कोणताही झाला तरी ते परत येणार नव्हते. आणि खेळत्या भांडवलाचे १८ सहाव्या वर्षी परत येतात, ते त्या वर्षाच्या रकमेत धरलेले आहेत याची खात्री केली. सहाव्या वर्षाचे १०४ म्हणजे कामकाजाचे ७८, खेळते भांडवल १८ आणि यंत्र विकून करानंतर मिळणारे ८.

| वर्ष | प्रस्ताव अ | प्रस्ताव ब | ब वजा अ |
|---|---|---|---|
| ० | −१२० | −१८० | −६० |
| १ | ५८ | १४ | −४४ |
| २ | ५२ | ३८ | −१४ |
| ३ | ३६ | ६० | २४ |
| ४ | २८ | ४८ | २० |
| ५ | १६ | ८४ | ६८ |
| ६ | ८ | १०४ | ९६ |

चौथ्या वर्षी ब चा आकडा खाली येतो तो मोठ्या दुरुस्तीमुळे. दुरुस्ती २८ ची, पण ती खर्च म्हणून करातून वजा होते, म्हणून तिचा रोख भार २१ च पडतो.

## तीन कसोट्यांचा निकाल

तपासलेल्या प्रवाहांवर पेबॅक अ च्या बाजूने होता: २.२८ वर्षे विरुद्ध ४.२४. अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर, तोही अ च्या बाजूने: सुमारे २३.५ टक्के विरुद्ध १७.३ टक्के. १२ टक्क्यांवरचे एनपीव्ही मात्र ब च्या बाजूने: ३६.३६ विरुद्ध २९.७९.

बैठकीत साहजिकच ‘दोन विरुद्ध एक’ असे झाले. पण कसोट्यांची मते मोजून निर्णय होत नाही. प्रत्येक कसोटी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. पैसे किती काळ अडकून राहतील, हे पेबॅक सांगतो, आणि पैसे परत आल्यानंतरच्या आवकेकडे तो पाहतही नाही. ब च्या सहाव्या वर्षाचे १०४ शून्य केले तरी त्याचा पेबॅक ४.२४ च राहील. आयआरआर दर सांगतो, रक्कम सांगत नाही. कंपनीच्या हातात आजच्या किमतीने किती भर पडेल, हे एनपीव्ही सांगते. दोघांपैकी एकच निवडायचा असताना हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

## साडेतेवीस टक्के नेमके कशावर?

२३.५ टक्के सोडून १७.३ का घ्यायचे, हे संचालकांना पटत नव्हते. तेव्हा अ चा हिशोब कर्जाच्या खात्यासारखा मांडून दाखवला. प्रकल्पात अडकलेल्या रकमेवर दरवर्षी २३.५ टक्के चढवायचे आणि त्या वर्षाची आवक वजा करायची. १२० पासून सुरुवात. पहिल्या वर्षाअखेर ९०.२ उरतात, दुसऱ्या अखेर ५९.४, मग ३७.४, १८.१, ६.४, आणि सहाव्या वर्षी शून्य.

म्हणजे २३.५ टक्के मिळतात हे खरे, पण ते पूर्ण १२० वर फक्त पहिल्या वर्षी. तिसरे वर्ष सुरू होताना प्रकल्पात ६० सुद्धा उरलेले नाहीत. परत आलेल्या पैशांवर पुढे किती मिळेल, ते ते पैसे कुठे लागतील त्यावर ठरते. या कंपनीत ते पैसे कर्ज कमी करण्यात जाणार होते, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांवर.

ब चे खाते १७.२८ टक्क्यांनी मांडले तर पहिल्या वर्षाअखेर १९७.१ येतात, म्हणजे सुरुवातीपेक्षा जास्त, कारण १४ ची आवक त्या वर्षाच्या परताव्यालाही पुरत नाही. दुसऱ्या अखेर १९३.२, तिसऱ्या अखेर १६६.५, चौथ्या अखेरही १४७.३. दर कमी आहे, पण तो मोठ्या रकमेवर बराच काळ मिळतो. मूल्यात ब पुढे का, याचे उत्तर या दोन खात्यांच्या फरकात आहे. हे खाते समोर आल्यानंतर ‘दोन विरुद्ध एक’ चा मुद्दा पुन्हा निघाला नाही.

## फरकाचा प्रवाह

दोन प्रकल्पांच्या आयआरआरची थेट तुलना करण्यापेक्षा फरकाच्या प्रवाहाचा दर काढणे जास्त उपयोगी असते. तक्त्यातला शेवटचा स्तंभ तेच सांगतो: अ सोडून ब घेतला तर सुरुवातीला ६० जादा घालावे लागतात, पुढची दोन वर्षे ४४ आणि १४ कमी मिळतात, आणि त्या बदल्यात नंतरच्या चार वर्षांत २४, २०, ६८, ९६ जास्त मिळतात. या सौद्याचा आयआरआर सुमारे १३.५ टक्के येतो. तो १२ पेक्षा जास्त आहे, म्हणून जादा पैसे घालणे परवडते. या स्तंभात उणे-अधिक चिन्ह एकदाच बदलते, हेही पाहून घेतले. चिन्ह दोनदा बदलले असते, उदाहरणार्थ शेवटी लाइन मोडण्याचा मोठा खर्च असता, तर दोन वेगवेगळे आयआरआर निघण्याची शक्यता होती आणि हा आकडा वापरता आला नसता.

१३.५ टक्के हीच दोन्ही प्रस्तावांचे मूल्य समान होण्याची जागा. दर १० टक्के असता तर ब ५२.८६ आणि अ ३६.३२, म्हणजे ब बराच पुढे. १२ ला फरक ६.५७ उरतो. १४ ला गणित उलटते: अ २३.७२, ब २१.४५. मूल्याचा निर्णय ब च्या बाजूने होता, पण भांडवलाचा दर दीड टक्क्याने चुकला तरी तो बदलणार होता.

हा फरक दुसऱ्या बाजूनेही तपासला. ब ची सारी भिस्त पाचव्या-सहाव्या वर्षाच्या कामकाजाच्या आवकेवर आहे, ८४ आणि ७८. त्यांचे आजचे मूल्य ८७.१८. फरक ६.५७. म्हणजे त्या दोन वर्षांच्या आवकेत साडेसात टक्के तूट आली तरी दोन्ही प्रस्ताव सारखे होतात. पाच वर्षांनंतरच्या विक्रीचा अंदाज इतका नेमका असेल, असे विक्री विभागातले कोणीही म्हणायला तयार नव्हते. या प्रकरणातला सर्वात अवघड क्षण हाच होता. एनपीव्ही जास्त आहे एवढे म्हणून थांबले असते तर निर्णयाचा पाया किती ठिसूळ आहे ते दिसलेच नसते.

## कोणते पर्याय तपासले

अ घेऊन उरलेले ६० दुसरीकडे लावायचे, हा पहिला पर्याय. असा एक छोटा प्रस्ताव होताही: दाबाच्या हवेच्या यंत्रणेत सुधारणा, २२ चा खर्च आणि ३.१ चे मूल्य. मग अ अधिक हा, असे ३२.८९ होतात आणि ब शी फरक कमी होतो, असा युक्तिवाद झाला. पण कंपनीला पैशांची टंचाई नव्हती. हे छोटे काम ब सोबतही करता आले असते आणि ते पुढे केलेही. म्हणून त्याचे मूल्य एकट्या अ च्या पारड्यात घालणे चूक ठरले असते. कर्जाची मर्यादा १८० वरच संपत असती तर मात्र हाच युक्तिवाद बरोबर ठरला असता.

ब एक वर्ष पुढे ढकलायचा, हा दुसरा. प्रवाह जसेच्या तसे एक वर्षाने सरकले तर मूल्य ३२.४६, तरीही अ पेक्षा जास्त. पण मोठ्या ग्राहकाची नवी मागणी ठरलेल्या वेळीच सुरू होणार होती. ती हुकली असती तर प्रवाह जसेच्या तसे राहिलेच नसते. हा पर्याय लवकर सोडला.

तीन वर्षांचा नियम पाळून अ घ्यायचा, हा तिसरा. नियम मुळात साचे आणि छोट्या अवजारांच्या खरेदीसाठी आला होता, जिथे वस्तूच चार वर्षांत झिजते. सहा वर्षे चालणाऱ्या लाइनला तो लावण्यात अर्थ नव्हता. तरी त्यामागची काळजी योग्य होती: मधल्या काळात रोख आटली तर? म्हणून पेबॅकऐवजी सरळ एकत्रित रोख तपासली. बाकीच्या धंद्यातून येणारी रोख ब चा खड्डा भरायला पुरत होती, पण फारसे काही उरत नव्हते.

चौथा पर्याय प्रवाहाचे वेळापत्रकच बदलण्याचा होता. आवक लवकर आणणे कंपनीच्या हातात नव्हते. खर्च उशिरा करणे मात्र बोलणीचा विषय होऊ शकत होता.

## निर्णय आणि करार

यंत्राच्या १५० पैकी ४५, म्हणजे ३० टक्के, पूर्ण क्षमतेची चाचणी यशस्वी झाल्यावर द्यायचे, असे पुरवठादाराशी ठरले. चाचणी बाराव्या महिन्यात अपेक्षित होती. किंमत वाढली नाही, पण पुरवठादाराने बँक हमी मागितली आणि तिचे शुल्क १ सुरुवातीलाच भरावे लागले.

४५ एक वर्ष उशिरा दिल्याने ४.८२ वाचतात. शुल्क वजा जाता ब चे मूल्य ४०.१८ झाले आणि अ शी फरक ६.५७ वरून १०.३९ वर गेला. दोन्ही सारखे होण्याचा दर १३.५ वरून सुमारे १४.६ टक्क्यांवर सरकला. शेवटच्या दोन वर्षांत आता साडेसात ऐवजी जवळजवळ १२ टक्के तूट सोसता येणार होती. रोखीचा खड्डाही सुरुवातीच्या १८० ऐवजी १३६ वर आला आणि पहिल्या वर्षाअखेर तो जास्तीत जास्त १६७ होणार होता.

विक्री विभागाला मग एकच नेमका प्रश्न विचारला गेला: पाचव्या-सहाव्या वर्षी १२ टक्क्यांहून जास्त तूट येण्यासारखे काय काय घडू शकते? ‘अंदाज बरोबर आहे का’ या प्रश्नाला कोणी नीट उत्तर देत नाही, पण असा आकडा समोर ठेवला की लोक ठोस बोलतात. ग्राहकाने दुसरा पुरवठादार घेतला तर, हे एकच मोठे कारण पुढे आले. त्यावर ग्राहकाकडून पाचव्या वर्षापर्यंतच्या किमान खरेदीचे लेखी आश्वासन घेतले, आणि मग ब वर शिक्कामोर्तब झाले.

## दोन वर्षांनंतर

पहिल्या वर्षी १४ च्या जागी ९ आले, कारण चाचण्या दोन महिने लांबल्या. दुसऱ्या वर्षी ३८ च्या जागी ३६. आजच्या मूल्यात ही तूट ६.०६ ची, म्हणजे १०.३९ च्या फरकातला निम्म्याहून जास्त भाग पहिल्या दोन वर्षांतच गेला.

चाचणी चौदाव्या महिन्यात पूर्ण झाल्यामुळे ४५ चा हप्ताही लांबला. वार्षिक तक्त्यात तो पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात गेला आणि तक्त्याने ४.३० ची बचत दाखवली. ही बचत खोटी होती. हप्ता एक वर्ष नव्हे, दोन महिनेच उशिरा गेला आणि त्याची खरी बचत ०.७५ एवढीच. वार्षिक रकान्यांत रक्कम एका रेषेच्या अलीकडे पडली की पलीकडे, यावर पूर्ण वर्षाचे व्याज इकडचे तिकडे होते. अशा वेळी तारखांवर चालणारे सूत्र वापरावे:

```
=XNPV(12%,C2:C12,A2:A12)
```

इथे एक काळजी घ्यावी. हे सूत्र रांगेतली पहिली रक्कम आजचीच धरते, तिला सवलत देत नाही. म्हणून सुरुवातीचा खर्च इथे रांगेच्या आतच ठेवायचा, आधीच्या सूत्राच्या अगदी उलट. एका फाइलमध्ये दोन्ही सूत्रे असतील तर गोंधळ होतोच. या कंपनीने म्हणून पुढच्या सर्व तक्त्यांत फक्त तारखांचे सूत्र ठेवले.

दुरुस्त हिशोबाने फरक ५.०८ उरला आहे, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांत सुमारे ५.८ टक्के तूट सोसता येईल. ब अजून पुढे आहे, पण पहिल्या दिवशी होता तेवढ्याच अडचणीच्या जागी पुन्हा आला आहे.

## वेगळे काय करता आले असते

ब चे पहिले वर्ष एकाच रकान्यात १४ असे लिहिले होते. ते तिमाहीवार मांडले असते तर दिसले असते की त्यातली बहुतेक रक्कम चौथ्या तिमाहीतली आहे आणि चाचणी दोन महिने लांबली की मोठा भाग जातो. मग उशिराच्या दंडाची अट करारात घालता आली असती. बोलणीत सारा भर हप्त्यावर राहिला आणि हा मुद्दा सुटला, तर नुकसान झाले ते नेमके तिथेच.

दोन्ही प्रस्तावांना एकच १२ टक्क्यांचा दर लावला, यावरही प्रश्न उभा राहतो. अ ची आवक कंपनीच्या स्वतःच्या खर्चातल्या बचतीतून येते, ब ची एका ग्राहकाच्या मागणीवर उभी आहे. जोखीम वेगळी असेल तर दरही वेगळा असावा, असे म्हणता येते. ब ला १४ टक्के लावले असते तर मूळ प्रवाहांवर त्याचे मूल्य २१.४५ आले असते आणि १२ टक्क्यांवरच्या अ च्या २९.७९ पुढे तो टिकला नसता. पण दर वाढवून जोखीम धरताना दोन टक्केच का, चार का नाहीत, याला आधार सापडत नाही. शिवाय वाढीव दराचा भार उशिराच्या वर्षांवर जास्त पडतो, म्हणून ज्या प्रकल्पाची आवक उशिरा येते तो त्यात आपोआप मागे पडतो. इथे किती तूट सोसता येईल हे मोजून ती तूट ज्या कारणाने येईल त्या कारणावर लेखी आश्वासन घेतले, आणि तेच जास्त योग्य वाटते.

चौथ्या वर्षाच्या दुरुस्तीपूर्वी कंपनी पुन्हा हिशोबाला बसणार आहे. त्या वेळी अ चा स्तंभ तक्त्यात नसेल, कारण तो पर्याय आता शिल्लक नाही, आणि लाइनवर झालेले १८० सुद्धा नसतील. दुरुस्तीचे करानंतरचे २१, ती न केल्यास बुडणारी पाचव्या-सहाव्या वर्षाची आवक, आणि लाइन त्या दिवशी विकली तर मिळणारी रक्कम, एवढेच आकडे समोर असतील.